दमट रात्रींसाठी अंथरुणाचे व झोपेचे कापड : तंतू, वीण आणि ओलावा

कोकण, केरळ, आंध्र, ओडिशा आणि बंगालच्या किनारपट्टीवर मे-जूनच्या रात्री तापमापक फार मोठा आकडा दाखवीत नाही, तरीही झोप लागत नाही. दिवसभर उन्हात काम केलेल्या माणसाचे शरीर रात्री निवावे लागते. ते निवले नाही तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला तोंड देण्याची त्याची क्षमता कमी होते. वातानुकूलन नसलेल्या घरात यासाठी जे उपाय हाताशी असतात त्यांत पंखा, खिडकी आणि कापड हे तीनच मुख्य. पैकी कापडाची निवड बहुधा रंग, किंमत आणि दुकानात हाताला जाणवणारा गारवा यांवरून होते. या तिन्हींचा रात्रीच्या झोपेशी फारसा संबंध नाही.

झोपलेल्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारण ७० वॅट उष्णता सतत निर्माण होत असते. ही सर्व उष्णता केवळ घाम वाळवून बाहेर टाकायची म्हटले तर ताशी सुमारे १०० ग्रॅम घामाची वाफ व्हावी लागेल. प्रत्यक्षात काही उष्णता श्वासावाटे आणि काही थेट हवेत जाते, म्हणून एवढा घाम लागत नाही. परंतु खोलीचे तापमान त्वचेच्या तापमानाच्या जवळ जाऊ लागले की थेट हवेत जाणारा वाटा घटत जातो आणि भार घामावर येतो.

घाम किती वेगाने वाळेल हे त्वचेवरील वाफेचा दाब आणि हवेतील वाफेचा दाब यांच्या फरकावर ठरते. त्वचा ३५ अंश सेल्सिअस असेल आणि ओली असेल तर तिच्यावर वाफेचा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. आता ३१ अंशांच्या दोन खोल्या घेऊ. पहिली किनाऱ्यावरील, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. तिच्या हवेत वाफेचा दाब सुमारे ३.६ किलोपास्कल. दुसरी देशावरील, आर्द्रता ३५ टक्के. तिथे तो सुमारे १.६. म्हणजे घाम वाळण्यासाठी पहिल्या खोलीत २ किलोपास्कलचा फरक उपलब्ध आहे आणि दुसरीत ४ किलोपास्कलचा. तापमान तेच असूनही किनाऱ्यावरील खोलीत घाम निम्म्या वेगाने वाळतो. कापडाचा प्रत्येक थर या निम्म्या वेगातून आणखी काही कापून घेतो. कोरड्या प्रदेशात ही कपात सहन होते. दमट प्रदेशात तिच्यामुळेच झोप मोडते.

‘सुती कापड घाम शोषते’ हे अर्धेच खरे

कापूस हवेतील ओलावा धरून ठेवतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा बाळगतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही बाळगत नाही. नायलॉन सुमारे ४ टक्के, तर व्हिस्कोस आणि जवसाच्या खोडापासून मिळणारे लिनन ११ ते १३ टक्के. या आकड्यांवरून असा समज होतो की जो तंतू जास्त ओलावा धरतो तो जास्त गार. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

दुहेरी पलंगाची, सव्वादोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब अशी एक पातळ सुती चादर घ्यावी. तिचे वजन सुमारे ४२० ग्रॅम भरेल. ६५ टक्के आर्द्रतेला तिच्यात ३३ ग्रॅमच्या आसपास पाणी असते; ९० टक्क्यांना ते ५० ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे हाताला ओली न लागता ही संपूर्ण चादर जास्तीत जास्त १५ ते २० ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते. ताशी काही दशके ग्रॅम घाम येत असेल तर ही साठवण पहिल्या तासातच संपते. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर चादर मुळातच त्या दमट हवेत दिवसभर राहिलेली असते, त्यामुळे रात्री नवे काही शोषायला तिच्यात जागाच उरलेली नसते.

मग सुती कापडाचा उपयोग कोणता? कापसाच्या तंतूला पाणी आवडते. घामाचा थेंब त्यावर पडला की तो तंतूंच्या आणि सुतांच्या फटींमधून पसरतो. एका बिंदूवरचा घाम तळहाताएवढ्या भागावर पसरला की वाळण्यासाठी कितीतरी मोठा पृष्ठभाग मिळतो. साध्या पॉलिएस्टरवर तो थेंब तसाच राहतो, त्वचा आणि कापड यांच्यामध्ये साचतो आणि कापड अंगाला चिकटते. सुती कापडाचे काम घाम साठवण्याचे नसून तो पसरवून पुढे हवेच्या हवाली करण्याचे आहे. हे काम ते किती चांगले करील हे केवळ तंतूवर नव्हे, तर कापडाच्या जाडीवर आणि विणीवर अवलंबून असते. जाड सुती कापड घाम धरून ठेवते आणि मग रात्रभर ओलेच राहते. अशा कापडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जे पाणी वाळते ते आपली उष्णता मुख्यतः कापडातून आणि हवेतून घेते. त्वचेला त्याचा लाभ कमी पोचतो. म्हणून कापड जितके पातळ तितके वाळणे त्वचेच्या जवळ घडते.

व्हिस्कोसविषयी येथे सावध केले पाहिजे, कारण ‘बांबू’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मऊ चादरी बहुतांशी बांबूच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोसच्याच असतात. हा तंतू ओलावा कापसापेक्षा जास्त धरतो, स्पर्शाला गार लागतो. पण ओला झाला की फुगतो, लुळा पडतो, अंगाला लपेटतो आणि वाळायला वेळ घेतो. ओल्या अवस्थेत त्याची ताकदही बरीच घटते. कोरड्या उष्ण प्रदेशात तो चांगला. किनाऱ्यावर तितकासा नाही. उलट लिनन ताठ असल्यामुळे अंगाला पूर्ण चिकटत नाही आणि घाम झपाट्याने पसरवते. त्याची अडचण किंमत हीच आहे.

खेळाडूंच्या कपड्यांत वापरले जाणारे खाचदार तंतूंचे पॉलिएस्टर घाम पसरवते आणि लवकर वाळते, हेही नोंदवले पाहिजे. परंतु बाजारातील स्वस्त ‘मायक्रोफायबर’ चादर म्हणजे ते कापड नव्हे. तिच्यात सूत अतिशय बारीक आणि दाट असते, त्यामुळे हवेची वाट जवळजवळ बंद होते.

वीण : दोन चादरींचा हिशेब

तंतू शंभर टक्के कापूस असला तरी दोन चादरींमध्ये किती अंतर पडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. दोन्ही चादरी ६० काउंटच्या सुताच्या आहेत. पहिली साध्या विणीची कॅम्ब्रिक : इंचाला ताण्याचे ९२ आणि बाण्याचे ८८ धागे. दुसरी साटीन विणीची : इंचाला ताण्याचे १७३ आणि बाण्याचे १२० धागे. दुसरी दुकानात ‘३०० थ्रेड काउंट’ म्हणून विकली जाते, आणि बेरीज २९३ येत असल्याने तो दावा खोटाही नसतो.

६० काउंटच्या सुताची जाडी इंचाच्या सुमारे २१७ व्या भागाइतकी असते. म्हणजे एका इंचात एकमेकांना खेटून २१७ धागे बसतील. कॅम्ब्रिकमध्ये ताण्याचे ९२ धागे आहेत. ते ४२ टक्के रुंदी व्यापतात आणि ५८ टक्के मोकळी राहते. बाण्याचे ८८ धागे ४१ टक्के व्यापतात, ५९ टक्के मोकळी राहते. दोन्ही दिशांनी मोकळा असा भाग हा ५८ टक्क्यांच्या ५९ टक्के, म्हणजे सुमारे ३४ टक्के. साटीनमध्ये ताणा ८० टक्के आणि बाणा ५५ टक्के रुंदी व्यापतो. मोकळा भाग २० टक्क्यांच्या ४५ टक्के, म्हणजे केवळ ९ टक्के उरतो. सुतावरील बारीक लव आणि धुलाईनंतर येणारा आकस यांमुळे प्रत्यक्षातील छिद्रे याहून लहान असतात, पण दोहोंमधील प्रमाण साधारण तसेच राहते. वजनातही फरक पडतो : कॅम्ब्रिक चौरस मीटरला ७३ ते ७५ ग्रॅम, साटीन १२० ग्रॅमच्या आसपास.

साटीन विणीत ताण्याचा धागा बाण्याच्या अनेक धाग्यांवरून सलग जातो, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. गुळगुळीत कापडाचा त्वचेशी मोठ्या क्षेत्रावर संपर्क येतो आणि शरीराची उष्णता त्यात चटकन जाते. दुकानात हात ठेवताच गार वाटते ते याचमुळे. हा गारवा काही क्षणांचा. कापड शरीराइतके तापले की तोच मोठा संपर्क चिकटपणा बनतो. साध्या विणीत प्रत्येक धागा एकाआड एक वरखाली होत असल्याने पृष्ठभागावर बारीक उंचवटे राहतात आणि त्वचा त्या उंचवट्यांवर टेकते. मुद्दाम सुरकुत्या पाडून विणलेले सिअरसकर कापड किंवा क्रेप हेच तत्त्व पुढे नेतात. त्यांना इस्त्री लागत नाही, हा आणखी एक फायदा. आणि इस्त्री केल्यास त्यांचा गुण कमी होतो.

थ्रेड काउंटच्या आकड्यात आणखी एक मेख असते. दोन किंवा तीन पदरी सूत वापरून प्रत्येक पदर वेगळा मोजला की १५० धाग्यांची चादर ३०० किंवा ४५० ची होते. अशी चादर जड असते, हवेशीर नसते. दमट रात्रींसाठी हा आकडा १८० ते २०० च्या पुढे जाण्याचे कारण नाही, आणि सूत एकपदरी असावे.

आखूड धाग्याच्या कापसाचे काय?

६० काउंटचे सूत कातायला लांब आणि तलम तंतू लागतो; ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक लांबीचा. देशी कापसाच्या बहुतेक जुन्या वाणांचा धागा आखूड आणि भरड असतो, म्हणून त्यापासून १० ते २० काउंटचे जाडसर सूत निघते आणि ते खेस, सतरंजी वा गादीच्या भरणासाठी योग्य मानले जाते. परंतु हवेशीरपणाचा हिशेब सुताच्या जाडीवर थांबत नाही. २० काउंटचे सूत इंचाला ४० आणि ३६ धागे या विरळ मांडणीत साध्या विणीने विणले तर वरील रीतीने मोजता मोकळा भाग ४८ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे कॅम्ब्रिकपेक्षाही जास्त. वजन चौरस मीटरला साधारण ९० ग्रॅम भरते. जाडसर सूत थोडे ताठ असल्याने कापड अंगापासून किंचित दूर राहते. केरळमधील तोर्त, ओडिशा-बंगालमधील गामछा हे याच जातीचे कापड आहे, आणि ते नेमके देशाच्या सर्वांत दमट पट्ट्यात टिकून आहे.

अशा कापडाची मर्यादाही सांगितली पाहिजे. विरळ मांडणीत धागे सरकतात. सतत घासल्या जाणाऱ्या खालच्या चादरीसाठी ते फार दिवस टिकत नाही. पांघरायला, लुंगीला, उशीच्या अभ्र्यावर टाकायला ते उत्तम. हातमाग गट किंवा बचत गट यांनी देशी कापसाच्या सुताला बाजार शोधताना चादरीऐवजी या वस्तूंकडे पाहणे अधिक व्यवहार्य ठरेल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे लांब धाग्याचे वाण विकसित केल्याने मधल्या काउंटचे सूतही आता आवाक्यात आहे.

आखूड धागा म्हणजे भरडच कापड, हेही सर्वकाळ खरे नाही. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील पोंडुरू येथे स्थानिक कापसापासून हाताने १०० काउंटच्या जवळपासचे सूत कातले जाते. तिथे कापूस विंचरायला वालुगा नावाच्या माशाच्या जबड्याचे हाड वापरतात. त्याच्या बारीक दातांनी तंतू समांतर होतात आणि आखूड धागे वेगळे पडतात. यंत्राला जे जमत नाही ते तिथे वेळ देऊन साधले आहे, आणि कापडाची किंमत त्या वेळेची आहे.

अंगाखालची बाजू

आतापर्यंतचा विचार हवा लागणाऱ्या बाजूचा झाला. झोपलेल्या माणसाची पाठ, नितंब आणि मांड्या गादीला टेकलेल्या असतात. तिथे पंख्याचा वारा पोचत नाही. पाठीखालचा घाम केवळ दोन मार्गांनी जाऊ शकतो : चादरीतून आडवा पसरून अंगाच्या कडेला बाहेर, किंवा खाली गादीत. गादी फोमची असेल, त्यावर पॉलिएस्टरचे आवरण असेल आणि डागांपासून बचाव म्हणून रेक्झिन किंवा प्लॅस्टिकचे कव्हर चढवलेले असेल, तर दुसरा मार्ग पूर्ण बंद होतो. अशा गादीवर कितीही उत्तम मलमल अंथरली तरी मध्यरात्री पाठ ओली होणारच. लहान मुले, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि बाळंतिणी यांच्या गादीवर असे आवरण हमखास असते आणि घामोळे, काखा-जांघांतील नायटा याच घरांत चिघळतो.

येथे चादर बदलण्यापेक्षा तिच्या खाली काय आहे ते बदलणे अधिक फलदायी असते. सुतळीची किंवा नवारीची बाज खालून हवा घेते. तिच्यावर एकच पातळ सुती चादर पुरते. पश्चिम बंगालच्या कूचबिहार भागात मुर्ता या दलदलीत वाढणाऱ्या झुडपाच्या सालीपासून शीतलपाटी विणतात. ती पाणी शोषत नाही, पण तिचा पृष्ठभाग तुळतुळीत व घट्ट असल्याने अंगाची उष्णता तिच्यात पसरते आणि कूस बदलताच मोकळा झालेला भाग पुन्हा निवतो. फोमची गादी टाळता येत नसेल तर रेक्झिन काढून त्याजागी जाडसर सुती आवरण घालावे आणि त्यावर बारीक चटई किंवा विरळ विणीचा सुती थर देऊन मग चादर अंथरावी. त्या थरामुळे चादरीखाली थोडी हवा फिरते आणि पसरलेल्या घामाला जागा मिळते. प्लॅस्टिकचे आवरण खरोखर आवश्यक असेल, तर ते पूर्ण गादीवर न घालता कमरेखालच्या भागापुरते ठेवावे.

गोधडी किंवा वाकळ खाली अंथरण्याची रीत कोकणात अजून आहे. अनेक थर असल्याने ती घाम घेते खरी, परंतु तो दुसऱ्या दिवशी कडक उन्हाशिवाय सोडत नाही. जून लागला की तिचा कुबट वास येऊ लागतो तो याचमुळे. त्या सुमारास ती घडी घालून ठेवावी. सोलापुरी चादरही दाट आणि जड विणीची, पांघरण्यासाठी केलेली. तिचा ऋतू वेगळा.

झोपेचे कपडे

घरातील पुरुष सदरा काढून लुंगीवर झोपू शकतो. स्त्रीला बहुधा ती मुभा नसते, आणि दमट प्रदेशात रात्रीच्या उकाड्याचा खरा भार तिच्यावर पडतो. जॉर्जेट किंवा तत्सम सिंथेटिक साडी नेसूनच झोपल्यास कमरेभोवती परकर, निऱ्या आणि पदर मिळून अनेक थर जमतात. तेथील घामाला बाहेर पडायला वाटच राहत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी महिला गटांत हा विषय काढताना चादरीपेक्षा आधी या बदलापासून सुरुवात करावी. मलमलीचा किंवा कॅम्ब्रिकचा सैल गाऊन हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक बदल आहे. पॉलिएस्टर साटीनचे तयार गाऊन दिसायला आकर्षक असतात, पण त्यांत वर सांगितलेले दोन्ही दोष एकत्र येतात : न शोषणारा तंतू आणि चिकटणारी वीण.

सैलपणा येथे सोयीपुरता नाही. अंग आणि कापड यांच्यामधील तापलेली, दमट हवा हलकी होऊन वर सरकते. गळा मोठा, बाह्या रुंद आणि खालचा घेर मोकळा असेल तर ती बाहेर पडते आणि खालून नवी हवा आत येते. कूस बदलली तरी कापड भात्यासारखे हलते. गळ्याला आणि मनगटाला इलॅस्टिक असेल तर ही हालचाल थांबते. याच कारणाने होजिअरीचा बनियन किंवा टी-शर्ट शुद्ध कापसाचा असूनही दमट रात्री त्रासदायक होतो. होजिअरी ही विणाई नसून गुंफण असते. ती ताणली जाऊन अंगाला लागून बसते, आणि तिचे वजनही साधारणतः मलमलीच्या दुपटीच्या घरात असते.

विकत घेताना

‘कॉटन फील’, ‘कॉटन रिच’, ‘ग्लेस कॉटन’ ही नावे शुद्ध कापसाची हमी देत नाहीत. ग्लेस कॉटन बहुतेकदा पॉलिएस्टरच असते. खात्री करायची तर चादरीच्या कडेचे दोन धागे काढावेत, एक उभा आणि एक आडवा, कारण काही कापडांत ताणा पॉलिएस्टरचा आणि बाणा कापसाचा असतो. चिमट्यात धरून प्रत्येक धागा वेगळा जाळावा. कापूस कागद जळल्यासारखा वास देत पटकन जळतो, ज्योत विझल्यावर टोक धुमसत राहते आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. मिश्र सुतात राखेबरोबर काळे, बोटांनी न चुरणारे कण हाताला लागतात. व्हिस्कोसही कापसासारखेच जळते, त्यामुळे ते या परीक्षेत ओळखता येत नाही. त्यासाठी धागा ओला करून ओढावा. कापसाचा धागा ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, व्हिस्कोसचा सहज तुटतो.

हवेशीरपणासाठी कापडाचा एकच पदर ओठांवर ताणून फुंकावे आणि पलीकडे तळहात धरावा. कॅम्ब्रिकमधून फुंकर स्पष्ट लागते, दाट साटीनमधून जेमतेम. नव्या कापडात मात्र ही परीक्षा फसवी ठरू शकते. करकरीत मलमल खळीमुळे ताठ असते, तिची छिद्रे खळीने भरलेली असतात, आणि पाण्याचा थेंब तिच्यावर काही काळ तसाच राहतो. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून साबणाने दोनदा धुतल्यावर पुन्हा थेंब टाकून पाहावा. तो काही सेकंदांत पसरला पाहिजे. तरीही थेंब उभा राहत असेल तर कापडावरील मेण नीट काढलेले नाही किंवा सिलिकॉनचा मऊपणा देणारा लेप आहे, असे समजावे. धुलाईत असे कापड इंचामागे थोडे आटते आणि वीण दाट होते, म्हणून शिवण्यापूर्वी ते धुऊन घेणे हिताचे.

जुने सुती धोतर किंवा नऊवारी लुगडे उन्हाळ्यात अंथरायला काढतात त्यामागेही हेच आहे : शेकडो धुलायांनी खळ पूर्ण गेलेली असते, सूत झिजून बारीक झालेले असते.

धुणे आणि वाळवणे

घामातील मीठ चादरीत साचत जाते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. साधे मीठ ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत हवेतील पाणी ओढून स्वतः विरघळते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे घडते तेच न धुतलेल्या चादरीत घडते. किनाऱ्यावरील रात्रीची आर्द्रता या मर्यादेच्या वरच असते. म्हणून पाच-सहा दिवस वापरलेली चादर कोणी तिच्यावर झोपण्यापूर्वीच हाताला सर्द लागते. अशा दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी चादर नुसत्या पाण्यातून काढली तरी मीठ निघून जाते. प्रत्येक वेळी साबणाची गरज नाही. विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाची साय सुतावर बसते आणि शोषण मंदावते, तेव्हा शेवटचे खळबळणे भरपूर पाण्यात करावे. कापड मऊ करणारी द्रावणे आणि कांजी या दोन्ही गोष्टी या चादरींना लावू नयेत.

दुपारच्या उन्हात खडखडीत वाळलेली चादर थेट झोपताना अंथरली तर सुरुवातीस ती गरम भासते. त्याचे कारण उन्हाची धग एवढेच नाही. कोरडा कापूस दमट हवेतील बाष्प ओढू लागतो, आणि बाष्प शोषताना उष्णता बाहेर पडते. तासभर आधी चादर पसरून ठेवल्यास ही उष्णता खोलीत निघून जाते.

विदर्भ-मराठवाड्यात चादरीवर किंवा फरशीवर पाणी शिंपडून झोपण्याची पद्धत आहे. तिथल्या कोरड्या हवेत ते पाणी भराभर वाळते आणि गारवा देते. किनाऱ्यावरील बंद खोलीत हाच उपाय उलटतो : शिंपडलेले पाणी वाळत नाही, जे थोडे वाळते ते खोलीची आर्द्रता वाढवते आणि घामासाठी उरलेला २ किलोपास्कलचा फरक आणखी आक्रसतो. तिथे अंग ओल्या पंचाने पुसून, तो पंचा खोलीबाहेर वाळत घालणे आणि पंख्याचा झोत शरीराच्या लांबीवरून जाईल अशा बेताने खाट ओढून घेणे एवढेच करता येते. वारा वाफेचा थर अंगावरून हटवतो, पण तो पातळ आणि विरळ कापडातूनच त्वचेपर्यंत पोचतो. वीज गेलेल्या, वारा पडलेल्या आणि ३३-३४ अंशांच्या दमट रात्री मात्र कोणतेही कापड पुरेसे ठरत नाही. त्या वेळी वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी माणसे यांना अंगणात, ओसरीवर किंवा जिथे वाऱ्याची झुळूक असेल तिथे हलवावे. तिथे मच्छरदाणीही दाट नायलॉनची न घेता मोठ्या छिद्रांची, डास अडेल एवढ्याच बारकाईची घ्यावी, कारण दाट जाळी आतील वारा निम्म्याहून कमी करून टाकते.